अरबी-फारसी मजकुरातले आकडे: वाचायचे कसे, उतरवायचे कसे

अरबी लिपी उजवीकडून डावीकडे धावते, पण तिच्यातला आकडा मात्र आपल्यासारखाच डावीकडून वाचायचा. ١٢٥ असं छापलेलं असेल तर डावीकडचा एक शतकस्थानी, मधला दोन दशकस्थानी आणि उजवीकडचा पाच एककस्थानी. झाले एकशे पंचवीस. ओळ उलटी म्हणून आकडाही उलटा वाचणारे पुष्कळ भेटतात, आणि ते ५२१ वाचतात. ही समजूत आधी डोक्यातून काढून टाकावी. खरी मेख पुढे आहे: अंकाच्या आकारात, अंकांमधल्या छोट्याशा खुणेत आणि आकड्याला चिकटलेल्या एखाद्या अक्षरात.

कुवेत-मस्कतहून आलेली बिलं, इराणी केशर-पिस्त्याच्या पावत्या, औषधांच्या बाटल्या, अरबी पाककृती असं काहीही मराठीत उतरवायचं असेल तर पुढचा क्रम उपयोगी पडेल. भाषा येत नसली तरी चालेल. अक्षरं ओळखता आली तर सोन्याहून पिवळं.

पहिलं काम: अंकमाला कोणती ते ठरवा

अरबी अंक आणि फारसी अंक बहुतांशी सारखे आहेत. वेगळे आहेत ते चार, पाच आणि सहा.

| मराठी | अरबी | फारसी |
|---|---|---|
| ० | ٠ | ۰ |
| १ | ١ | ۱ |
| २ | ٢ | ۲ |
| ३ | ٣ | ۳ |
| ४ | ٤ | ۴ |
| ५ | ٥ | ۵ |
| ६ | ٦ | ۶ |
| ७ | ٧ | ۷ |
| ८ | ٨ | ۸ |
| ९ | ٩ | ۹ |

इजिप्त, सुदान, इराक आणि आखाती देशांत मधला रकाना चालतो, इराण आणि अफगाणिस्तानात उजवीकडचा. मोरोक्को, अल्जेरिया, ट्युनिशिया इथे मजकूर अरबीत असला तरी आकडे इंग्रजी वळणाचेच, म्हणजे 0 ते 9, असतात. उर्दूची अंकमाला फारसीचीच, पण नस्तालिक वळणात चार, सहा आणि सात जरा निराळे काढतात. त्यामुळे औरंगाबाद-हैदराबादकडची उर्दू छपाई वाचायची सवय असलेल्यानेही इराणी कागद हाती आला की हे तीन अंक नव्याने पाहून घ्यावेत. आकड्यात चार-पाच-सहा नसतीलच, तर मजकुरात پ, چ, ژ किंवा گ यांपैकी एखादं अक्षर शोधा. ही चार अक्षरं प्रमाण अरबी वर्णमालेत नाहीत. ती दिसली तर मजकूर फारसी किंवा उर्दू समजायचा.

एवढा खटाटोप सुरुवातीलाच करायचा, कारण पुढे दशांशाची खूण, वजनं, चलन आणि सनसुद्धा याच एका उत्तरावर ठरतात.

आता मराठी डोळ्याला फसवणारे तीन अंक. अरबी ٥ हा पाच आहे, पण आपल्याला ते शून्य वाटतं. अरबी ٩ हा नऊ आहे, पण वर गाठ आणि खाली दांडी पाहून हात सवयीने आपला १ लिहून जातो. अरबी ٤ हा चार आहे, आणि घाईत आपल्या ६ सारखा दिसतो. इंग्रजी अंकांची सवय असेल तर चौथा आणखी एक: अरबी ٦ हा सहा आहे, पण दिसतो इंग्रजी सातासारखा. म्हणून आकडा थेट किमतीत वाचू नये. आधी एकेक अंक सुटा करून त्याखाली मराठी अंक लिहावा, मग किंमत बोलावी. दोन-तीन दिवसांत हात बसतो, तरी महत्त्वाच्या कागदासाठी ही पद्धत सोडू नये.

शून्य हे नुसतं टिंब असतं, आणि झेरॉक्समध्ये टिंब उडतं किंवा कागदावरचा डाग टिंब बनून बसतो. ١٠٠ आणि ١٠٠٠ यांत फरक काय तो एका ठिपक्याचा. शून्यांची संख्या ज्या आकड्यात महत्त्वाची आहे तिथे अक्षरी रक्कम शोधा. चेक, पावती आणि करारात ती बहुधा असतेच. अरबीत शंभर म्हणजे ‘मिआ’ आणि हजार म्हणजे ‘अल्फ’. फारसीत शंभर ‘सद’ आणि हजाराला चक्क ‘हेजार’. मराठी माणसाला हे शब्द कानावरून गेल्यासारखे वाटतील, कारण पेशवाईतल्या कागदांवरचा सुहूर सन याच अरबी संख्यावाचकांत लिहिलेला असतो. ‘समान खमसैन मया अलफ’ म्हणजे आठ, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण ११५८. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवले की इसवी सन १७५७ येतं. जानेवारीनंतरची तारीख असेल तर ६०० मिळवायचे. तिथे एकक आधी आणि हजार शेवटी आहे. आजच्या अरबीत हजार आणि शंभर आधी येतात, पण एकक-दशकाचा क्रम तोच राहिला आहे: ‘खमसा व इश्रून’, पाच आणि वीस, आपल्या पंचवीससारखं. फारसी मात्र ‘बिस्त-ओ-पंज’ म्हणते, वीस आणि पाच. अक्षरी रक्कम ताडून पाहताना हा फरक ध्यानात ठेवला की पंचवीसाचे बावन्न होत नाहीत.

हस्ताक्षराबद्दल दोन गोष्टी. इजिप्तकडच्या हातलिखाणात तीनचे दोन दात एकात मिसळतात आणि तो छापील दोनासारखा दिसतो. तिथला दोन मग आणखी सपाट, नुसत्या हुकासारखा वळवलेला असतो. त्याच हातातला नक्की माहीत असलेला दोन किंवा तीन, तारखेतला म्हणा, आधी शोधावा आणि त्याच्याशी ताडावं. दुसरं म्हणजे सात आणि आठ हे एकमेकांचे उलटे आकार आहेत. बाटलीच्या झाकणावरचा किंवा खोक्याच्या बुडाचा फोटो उलटा आला असेल तर ٧ चा ٨ होतो आणि काही चुकलंय असं वाटतही नाही. फोटोत एखादं अक्षर किंवा चित्र सरळ आहे का ते पाहून मगच आकडा वाचावा.

दुसरं काम: अंकांमधली खूण

शून्यच टिंबाचं असल्यामुळे या अंकांबरोबर दशांशासाठी टिंब वापरणं सोयीचं नाही. रीतसर छपाईत दशांशाची खूण ٫ अशी असते आणि हजारांचे गट पाडणारी खूण ٬ अशी, पहिली ओळीच्या तळाशी आणि दुसरी वरच्या बाजूला. ٢٫٥ म्हणजे अडीच. ٢٬٥٠٠ म्हणजे अडीच हजार. अडचण ही की टंकलेखन करणारा पुष्कळदा दोन्हींच्या जागी साधा स्वल्पविरामच ठोकतो. मग खुणेनंतर नेमके तीन अंक आले की काय समजायचं?

आखातात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. कुवेती आणि बहारिनी दिनाराचे हजार फिल्स होतात आणि ओमानी रियालचे हजार बैसा. त्यामुळे तिथल्या बिलावर दशांशानंतर तीन अंक असणं हीच रीत आहे: दोन, स्वल्पविराम, पाच, शून्य, शून्य म्हणजे अडीच दिनार. सौदी रियालचे शंभर हलाला आणि अमिरातीच्या दिरहमचे शंभर फिल्स, म्हणून तिथे दशांशानंतर दोनच अंक येतात. तीन अंक दिसले तर ते हजार असण्याची शक्यता जास्त. आधी चलन पाहा, मग खूण वाचा. आणि मराठीत उतरवताना आपली पद्धत लावायला विसरू नका. तिकडे तीन-तीनचे गट, आपल्याकडे हजारापुढे दोन-दोनचे. १०,८००,००० हे जसंच्या तसं ठेवलं तर आपला वाचक अडखळतो. १,०८,००,००० लिहिलं की एक कोटी आठ लाख लगेच कळतात.

इराणात गोष्ट आणखी वेगळी. तिथे दशांशासाठी तिरकी रेघ सर्रास चालते, तिला ‘मोमय्येज’ म्हणतात. ۴/۶ हे इराणी कागदावर चार पूर्णांक सहा दशांश आहे, चार षष्ठांश नव्हे. आपल्या सवयीने चार छेद सहा वाचलं तर साडेचार ग्रॅमच्या पुढचं वजन पाऊण ग्रॅमच्याही खाली जातं. माझ्या मते फारसी मजकुरातला सगळ्यांत महागात पडणारा धोका हाच.

पण इराणी माणूस खरे अपूर्णांकही लिहितो, मग ओळखायचं कसं? रेघेनंतरचा भाग शून्याने सुरू होत असेल, जसं ۲/۰۵, तर तो दशांशच. रेघेनंतर तीन अंक असतील, जसं ۴/۶۰۸, तरी दशांशच धरावा. डावीकडची संख्या उजवीकडच्यापेक्षा मोठी असेल तरी बहुधा दशांश, कारण अंशाधिक अपूर्णांक व्यवहारात कोणी फारसे लिहीत नाही. मग उरतात ۱/۲ किंवा ۳/۴ असले खरोखरचे संशयित. इथे एकक निर्णय देतं. ग्रॅम, लीटर, मीटर, टक्के यांच्याबरोबर दशांश. कप, चमचा, तास यांच्याबरोबर अपूर्णांक. शीतपेयाच्या बाटलीवर ۱/۵ आणि पुढे लीटर लिहिलेलं असलं तर ते दीड लीटर, एक पंचमांश नव्हे. बाटली समोर असली तर ते डोळ्यांनाही दिसतं. कप आणि चमचा यांच्या बाबतीतही ۱/۵ संशयास्पदच मानावं, कारण पंचमांश कप कोणी मापत नाही. तिथे दीड कप जास्त संभवतो.

तिसरं काम: अपूर्णांक कुठल्या बाजूला बसलाय

सबंध संख्या डावीकडून वाचायची असली तरी एकापुढे एक येणाऱ्या दोन वेगळ्या संख्या ओळीच्या दिशेने, म्हणजे उजवीकडून डावीकडे लागतात. याचा फटका अडीचसारख्या मिश्र अपूर्णांकाला बसतो. अरबी पाककृतीत ‘अडीच कप’ लिहिताना दोन आधी म्हणून तो उजवीकडे बसतो, मग जागा सोडून डावीकडे एक छेद दोन, आणि त्याच्याही डावीकडे ‘कप’. डावीकडून वाचणाऱ्याला ते ‘एक छेद दोन, दोन’ असं दिसतं, आणि मधली जागा छोटी असेल तर सरळ एक छेद बावीस! म्हणून मिश्र अपूर्णांक शोधताना आधी सुटी पूर्ण संख्या उजवीकडे आहे का ते पाहावं.

अरबी हातलिखाणात अपूर्णांकाची रेघही उलट्या अंगाने पडू शकते. लिहिणारा उजवीकडून लिहितो, त्यामुळे अंश उजवीकडे आणि छेद डावीकडे जातो. अर्धा हा मग दिसायला दोन छेद एक. पाककृतीत दोन छेद एक काहीच अर्थ देत नाही, तो अर्धाच. तीन चतुर्थांशाचंही तसंच: चार छेद तीन दिसला तर पाऊण समजा. लहान संख्या अंश आणि मोठी छेद, हा नियम घरगुती मापांना पुरतो. गणिताच्या वहीला पुरणार नाही, तिथे आडव्या रेघेवरचा-खालचा क्रमच खरा.

अक्षरी अपूर्णांक मात्र मराठी माणसाला सोपे जातात. अरबीत निस्फ म्हणजे अर्धा, रुब म्हणजे पाव, सुलुस म्हणजे एक तृतीयांश, सुदुस एक षष्ठांश आणि सुमुन एक अष्टमांश. ‘किलो व निस्फ’ दीड किलो. ‘इल्ला’ म्हणजे वगळून, उणे. ‘तीन इल्ला रुब’ हे सरळ आपलं पावणेतीन, आणि ‘किलो इल्ला रुब’ म्हणजे पाऊण किलो. भाषांतर करताना ‘एक किलोतून पाव किलो कमी’ असं लांबण लावायची गरज नाही, आपल्याकडे शब्द तयार आहे. अडतं ते ‘इल्ला सुलुस’पाशी. घड्याळात त्याचा अर्थ तासाचा तिसरा भाग म्हणजे वीस मिनिटं कमी, म्हणून ‘तीन इल्ला सुलुस’ हे दोन वाजून चाळीस मिनिटं. सवयीने पावणेतीन लिहिलं तर गाडी चुकेल. फारसीत सव्वातीन ‘से-ओ-रोब’, साडेतीन ‘से-ओ-नीम’ आणि दशांश अक्षरी लिहिले तर ‘चहार-ओ-शेश दहोम’, चार आणि सहा दशांश. ‘दहोम’, ‘सदोम’ हे शब्द जवळपास सापडले तर मोमय्येजचा संशय तिथेच मिटतो.

हाच दिशेचा नियम पल्ल्यालाही लागतो. दुकानाच्या पाटीवर उजवीकडे नऊ, मध्ये आडवी रेघ आणि डावीकडे पाच असेल तर वेळ नऊ ते पाच आहे. डावीकडून वाचणारा संध्याकाळी पाच वाजता दारात उभा राहील आणि दार बंद होताना पाहील. औषधाच्या मात्रेत उजवीकडे पाच आणि डावीकडे दहा असतील तर ते पाच ते दहा. मोठ्याकडून लहानाकडे जाणारा पल्ला वाटला की दिशा उलटी धरली आहे का हे आधी तपासावं.

चौथं काम: आकड्यामागचं अक्षर

एकक आकड्यानंतर, म्हणजे डावीकडे येतं. ग्रॅमसाठी इजिप्तमध्ये جم लिहितात, सीरिया-इराककडे غم, इराणात बहुधा पूर्ण शब्द گرم. मिलिलीटरला مل, सेंटिमीटरला سم. ही अक्षरं पाठ करण्यापेक्षा त्या मजकुरातच एकदा पूर्ण शब्द आला आहे का ते शोधणं बरं.

एका अक्षरापासून मात्र सांभाळून राहावं: م. आकड्यानंतर हे एकटं आलं तर मीटर असू शकतं, ‘मीलादी’ म्हणजे इसवी सन असू शकतं, किंवा ‘मसाअन’ म्हणजे सायंकाळ असू शकते. ٢٠٢٤ नंतर आलं तर सन. पाच किंवा सहानंतर आलं आणि जवळ ص दिसला तर वेळ, कारण ص म्हणजे सकाळ. उंची-लांबीच्या मजकुरात आलं तर मीटर. हिजरी सनाचं अक्षर ه हे एकटं काढलं तर अरबी पाचासारखंच दिसतं, म्हणून ते मुद्दाम शेपटी ओढून هـ असं लिहायची पद्धत पडली. तरी जुन्या छपाईत शेपटी आखूड असते. चार अंकी सनाला पाचवा अंक पाच जोडलेला दिसला, तर तो अंक नसून हेच अक्षर असणार.

सनाबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १४०३ असा नुसता आकडा सौदी कागदावर असेल तर तो हिजरी चांद्र सन, म्हणजे इसवी १९८२-८३. तोच इराणी कागदावर असेल तर सौर सन, म्हणजे मार्च २०२४ ते मार्च २०२५. चाळीस वर्षांचा फरक, आणि तो ओळखायची खूण चाराच्या आकारात: ٤ असेल तर पहिला, ۴ असेल तर बहुधा दुसरा. पहिल्याच पायरीला अंकमाला का ठरवायची ते इथे कळतं.

एक पावती पूर्ण उतरवून पाहू

नमुन्यादाखल इराणातल्या मशहदच्या बाजारातली केशराची पावती घेऊ. भाव काल्पनिक आहेत, रचना खरी. सरगुल हे केशराच्या एका प्रतीचं नाव आणि मेस्काल हे वजनाचं माप. तिच्यावर वरून खाली असं आहे:

तारीख ۱۴۰۳/۰۸/۱۲
केशर सरगुल, ۲ मेस्काल
वजन ۹/۲ ग्रॅम
दर, एका मेस्कालचा, ۶۰۰٬۰۰۰ तुमान
सवलत ۱۰ टक्के
देय ۱۰٬۸۰۰٬۰۰۰ रियाल

तारखेत तिरकी रेघ दोनदा आहे, म्हणून ती मोमय्येज नाही. डावीकडे वर्ष, मग महिना, मग दिवस: आबान महिन्याची १२ तारीख, सन १४०३. इसवीत २ नोव्हेंबर २०२४.

वजनाची ओळ इथली खरी परीक्षा. नऊ छेद दोन म्हणजे साडेचार, आणि साडेचार ग्रॅम केशर ही काही वेडगळ मात्रा नाही. त्यामुळे डोळ्याला काही खटकणार नाही. पण मेस्काल म्हणजे इराणी बाजारात ४.६ ग्रॅम, काटेकोर सांगायचं तर ४.६०८. दोन मेस्काल म्हणजे ९.२ ग्रॅम. म्हणजे रेघ दशांशाची. वजन साडेचार ग्रॅम असतं तर पावतीवर दोन नव्हे, जेमतेम एक मेस्काल लिहिला असता. पावतीत दुसरं एकक दिलेलं असेल तर ते असं ताडण्यासाठी वापरायचं, ते वगळून पुढे जायचं नाही.

आता पैसे. दोन मेस्कालचे बारा लाख तुमान, त्यातून दहा टक्के वजा, राहिले दहा लाख ऐंशी हजार. पावतीच्या तळाशी मात्र दहा कोटी नव्हे की दहा लाख नव्हे, एक कोटी आठ लाख आहेत. चूक नाही: दर तुमानात आहे आणि देय रक्कम रियालमध्ये, आणि एका तुमानाचे दहा रियाल. बोलण्यात आणि भावात तुमान, बँकेत आणि सरकारी कागदात रियाल, अशी तिथली रूढी. दहापटीचा फरक आला की आधी हे पाहायचं. दुकानदार तोंडी नुसतं ‘शेशसद’, सहाशे म्हणाला तर ते सहाशे हजार तुमान, बाकीची शून्यं गृहीत. अक्षरी रकमेत ‘दह मिल्यून-ओ-हश्तसद हेजार रियाल’ असं सापडलं तर सगळं जुळलं.

मराठीत उतरवताना मी असं लिहीन: ‘केशर (सरगुल), २ मेस्काल, ९.२ ग्रॅम, देय रक्कम १,०८,००,००० रियाल, म्हणजे १०,८०,००० तुमान.’ मेस्काल काढून टाकून नुसते ग्रॅम ठेवू नयेत, कारण दर मेस्कालचा आहे; आणि मूळ एकक ठेवल्याशिवाय पुढच्या माणसाला हिशोब पडताळता येणार नाही. रियालचे रुपये करायचेच असतील तर वेगळ्या ओळीत, तारखेसह करावेत.

जुने मण-शेरही असेच सांभाळावेत. इराणातला तबरिझी मण हा ३ किलोचा आणि त्यात ४० सीर, म्हणजे एक सीर ७५ ग्रॅम. आपला जुना मण ४० शेरांचा असला तरी वजनाने कितीतरी मोठा. नाव सारखं आणि भाग सारखे म्हणून वजन सारखं धरलं तर एका मणामागे तीस-पस्तीस किलोंचा घोटाळा होतो.

संगणकावर

अरबी ٥ आणि फारसी ۵ हे संगणकाच्या लेखी दोन निराळी अक्षरं आहेत. अरबी अंकांचे संकेतांक U+0660 ते U+0669, फारसींचे U+06F0 ते U+06F9. म्हणून एकाचा शोध घेतला तर दुसरा सापडत नाही, आणि शून्य, एक किंवा दोन तर डोळ्यांनाही वेगळे दिसत नाहीत. एक्सेलमध्ये असे आकडे चिकटवले की ते बहुधा मजकूर म्हणून बसतात आणि बेरजेत येत नाहीत. `=ISNUMBER(A1)` ने ते लगेच कळतं. वर्डमध्ये Numeral नावाची एक सेटिंग आहे, तिच्यातला Hindi हा पर्याय देवनागरीचा नसून ٠ ते ٩ अशा अंकांचा आहे. तो चालू असेल तर फाइलमध्ये 0-9 असले तरी पडद्यावर अरबी आकार दिसतात, आणि कॉपी केल्यावर भलतंच काही हाती येतं.

शे-दोनशे आकडे बदलायचे असतील तर पायथनच्या या चार ओळी पुरतात:

```python
a = "".join(chr(0x0660 + i) for i in range(10))
p = "".join(chr(0x06F0 + i) for i in range(10))
t = str.maketrans(a + p + "\u066b", "0123456789"*2 + ".", "\u066c")
print("۱٬۲۵۰٫۵".translate(t))
```

उत्तर 1250.5 येतं. दशांशाची खूण टिंब होते आणि हजारांची खूण गळते. यात तिरक्या रेघेला आणि साध्या स्वल्पविरामाला मुद्दाम हात लावलेला नाही. ती रेघ दशांश की अपूर्णांक की तारीख, हे प्रोग्रामला कळत नाही. तेवढ्या ओळी वेगळ्या काढून माणसानेच पाहाव्यात. पल्ले आणि मिश्र अपूर्णांकही कॉपी-पेस्ट करू नयेत, कारण डावीकडून चालणाऱ्या मजकुरात त्यांचे भाग जागा बदलू शकतात. ते मूळ पान समोर ठेवून हाताने लिहावेत आणि शक्य तिथे ‘ते’ हा शब्द घालावा: ‘५ ते १० मिलि’.

एका ठिकाणी मात्र यातलं काहीच चालणार नाही. मोगलकालीन आणि दख्खनी फारसी हिशोबी कागदांत रकमा पुष्कळदा अंकांत नसतातच, त्या ‘सियाक’ नावाच्या सांकेतिक लपेटीदार खुणांत असतात. त्या अरबी संख्यावाचक शब्दांच्या झिजून उरलेल्या आकृती आहेत, अंक नव्हेत. तसा कागद हाती आला तर तो जाणकाराकडेच न्यावा.